‘ब्रेनडेड’ सांगितल्यावर नातेवाइकांनी काय विचारायचं, काय ठरवायचं

डॉक्टर सांगतात, ‘ब्रेनडेड आहेत.’ खाटेवर मात्र छाती वरखाली होत असते, हात उबदार लागतो, मॉनिटरवर ठोके दिसतात. डोळ्यांसमोरचं खरं मानायचं की डॉक्टरांचं? हृदयाच्या ठोक्याला मेंदूचा हुकूम लागत नाही. प्राणवायू मिळतोय तोवर ते स्वतःच्या तालावर चालतं. श्वास मात्र मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूच्या मणक्याकडे उतरणाऱ्या भागातून चालतो. तो भाग मेला की छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. कोमात हा भाग जिवंत असतो, म्हणून कोमा म्हणजे ब्रेनडेड नव्हे.

अवयवदानाचं नंतर बघू. आधी विचारा: मेंदूला इजा कशामुळे झाली ते स्कॅनमध्ये दिसलंय का? झोपेच्या आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा असर उतरलाय का? शरीराचं तापमान आणि रक्तदाब ठीक आहेत का? यातलं एक जरी ‘नाही’ असेल, तर तपासणी अजून सुरूच व्हायला नको, कारण गुंगीचं औषध किंवा थंड पडलेलं शरीरही मेंदूमृत्यूसारखं दिसू शकतं.

मग मस्तिष्कस्तंभाची एकेक खूण तपासतात. बाहुलीवर उजेड टाकतात, बुबुळाला कापसाचं टोक लावतात, भुवईवर जोरात दाबतात, कानात बर्फासारखं थंड पाणी सोडून डोळे हलतात का ते बघतात, श्वासनलिकेत नळी घालून खोकला येतो का ते बघतात. शेवटी श्वासाची चाचणी. आधी भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काढतात आणि बारीक नळीतून प्राणवायू चालू ठेवतात, म्हणजे चाचणीनेच इजा होऊ नये. आठ-दहा मिनिटं सगळे छातीकडे बघत उभे राहतात. सुरुवातीला रक्तातला कार्बन डायऑक्साइड 40 होता आणि शेवटी 63 झाला असं समजा. जिवंत मस्तिष्कस्तंभ 60च्या आतच श्वासासाठी धडपडला असता. छाती जराही हलली नाही, तर श्वासाचं केंद्र गेलं. रक्तदाब मध्येच कोसळला तर चाचणी थांबवावी लागते. मग मेंदूत रक्त जातंय का, हे वेगळ्या तपासणीने बघतात.

भारतात हे सगळं किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करतात आणि चार डॉक्टर सह्या करतात. त्यात प्रत्यारोपण करणारा डॉक्टर चालत नाही. तपासणी सुरू असताना जवळ उभं राहू द्या, अशी विनंती करायला काहीच हरकत नाही. माझं मत विचाराल तर घरातल्या एकाने तरी ती बघावी, सांगून पटत नाही ते बघून पटतं. फक्त एक आधी ठाऊक असू द्या: बोटं आखडणं, कधी हात उचलला जाणं, हे मेंदूतून नव्हे, मणक्यातल्या मज्जारज्जूतून होतं. ते पाहून ‘जागे झाले’ असं ओरडणारे नातेवाईक असतात, आणि त्यांचा काही दोष नसतो.

आता निर्णय. रुग्णालयाचे अवयवदान समन्वयक दानाबद्दल विचारतील तेव्हा एकच प्रश्न घरात फिरवा: गेलेल्या माणसाने याबद्दल कधी काही बोलून ठेवलं होतं का? सगळंच द्यायचं किंवा काहीच नाही, असं नसतं. किडन्या आणि यकृत द्या, डोळे नको, असंही लिहून देता येतं; नकार दिला तरी मृत्यू तोच राहतो. अपघाताची केस असेल तर पोलीस आणि शवविच्छेदनाचं कसं होणार, शरीर किती वाजता ताब्यात मिळणार, हेही तेव्हाच विचारा. दान होणार असेल तर मृत्यूच्या दाखल्यावरची वेळ मेंदूमृत्यू प्रमाणित केल्याची असते, हृदय थांबल्याची नव्हे. श्राद्धाची तिथी पुढे त्यावरूनच निघते, म्हणून ती आत्ताच समजून घ्या.

अवयव कुणाला द्यायचा हे कुटुंब ठरवत नाही, प्रतीक्षायादी ठरवते. समजा दात्याचा रक्तगट बी, वजन 60 किलो. हृदयाच्या यादीत वरचा रुग्ण 95 किलोचा निघाला, तर हे हृदय त्याला अपुरं पडेल, म्हणून पुढचं नाव. यकृत सहसा जो सर्वात गंभीर त्याला. किडनीत प्रतीक्षेचा काळ मोठा ठरतो. पण पहिल्या रुग्णाचं रक्तद्रव दात्याच्या पेशींशी मिसळल्यावर त्या रक्तद्रवाने पेशी मारल्या, तर किडनी त्याचं शरीर लगेच नाकारेल, म्हणून ती दुसऱ्याला जाते. अशी चाचणी चालू असतानाच घड्याळही पळत असतं: काढलेलं हृदय चार-सहा तास टिकतं, किडनी दिवसभराहून जास्त. म्हणून हृदय शक्यतो जवळच्या रुग्णाला मिळतं, किडनी लांबवर जाऊ शकते.

घेणारा कोण, हे सहसा सांगत नाहीत. पण कोणते अवयव प्रत्यक्ष वापरले गेले, हे समन्वयकांना काही दिवसांनी विचारता येतं. काढलेलं फुप्फुस शेवटच्या तपासणीत बाद झालं, असं उत्तरही कधी मिळतं.