खोकून दाखवा, काका

सर्जरीच्या रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष. रात्री साडेदहाला कॅज्युअल्टीतून फोन आला, "बरगड्यांचा पेशंट आहे, वॉर्डात पाठवतोय." काका 67 वर्षांचे, वजन साधारण 60 किलो. मोटारसायकलवर मागे बसले होते, खड्ड्यात गाडी आदळली आणि उजव्या कुशीवर पडले. चौथी ते आठवी बरगडी मोडलेली, त्यातल्या पाचवी, सहावी आणि सातवी दोन-दोन ठिकाणी. हवा किंवा रक्त साठलेलं नव्हतं, पोटाची सोनोग्राफी स्वच्छ. सॅच्युरेशन 94, श्वास मिनिटाला 24. मी डायक्लोफेनॅक एकदा दिलं, पुढे 'ट्रॅमाडॉल एसओएस', म्हणजे दुखलं तरच द्या, असं लिहिलं, ऑक्सिजन लावला आणि झोपायला गेलो. त्या एका ओळीत काय चुकलं होतं, ते नव्याने वॉर्डात येणाऱ्यांसाठी सांगतो.

आधी फ्लेल चेस्टबद्दल. सलग तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या की मधला तुकडा बाकीच्या पिंजऱ्यापासून सुटा होतो. श्वास घेताना सगळी छाती फुगते आणि तो तुकडा आत ओढला जातो, सोडताना उलट. हे पाहायचं तर सदरा पूर्ण काढा, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहा आणि छातीच्या पातळीवर डोळे आणून निदान अर्धा मिनिट बघा. मी वरून बघितलं होतं, पाच सेकंद. मला काही दिसलं नाही. दिसायचंही नव्हतं म्हणा, कारण दुखण्यापायी काकांनी ती बाजू आवळून धरली होती. दुखऱ्या बाजूचे स्नायू असे कडक झाले की सुटा तुकडाही पहिल्या काही तासांत हलत नाही.

सकाळी सहाला सिस्टरनी उठवलं. श्वास 34. चार लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन 91. काका बसलेले, डोळे मिटलेले, घशात कफ घरघरत होता. रात्रभरात ट्रॅमाडॉल एकदाही दिलं गेलं नव्हतं. सिस्टरनी दोनदा विचारलं होतं, "काका, दुखतंय का?" काका म्हणाले होते, "नाही, पडून राहिलो की बरं वाटतंय."

खरंच होतं ते. हलायचं नाही, खोल श्वास घ्यायचा नाही, खोकायचं नाही, मग बरगडी दुखत नाही. पण त्याची किंमत फुप्फुस मोजतं. उथळ श्वासामुळे तळाच्या हवेच्या पिशव्या उघडतच नाहीत, हळूहळू मिटत जातात. तिथून रक्त जातं, पण त्याला ऑक्सिजन मिळत नाही. खोकला नाही म्हणून कफ तिथेच साठतो आणि दोन-चार दिवसांत न्यूमोनिया होतो. त्यात बरगड्यांखालचं फुप्फुस ठेचलेलं असतं आणि ही ठेच पहिल्या 24 ते 48 तासांत वाढत जाते. म्हणजे दाखल होतानाचा बरा एक्स-रे उद्याची हमी देत नाही. वय झालेल्यांत हे फार लवकर बिघडतं. सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयाने 2000 साली 65 वर्षांवरच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मोडलेल्या प्रत्येक जास्तीच्या बरगडीमागे न्यूमोनियाची शक्यता 27 टक्क्यांनी आणि मृत्यूची 19 टक्क्यांनी वाढलेली दिसली. काकांच्या पाच मोडल्या होत्या.

भूलतज्ज्ञ सर आले. त्यांनी दुखतंय का हे विचारलंच नाही. छातीशी उशी धरायला दिली आणि म्हणाले, "खोकून दाखवा, काका." काकांनी घसा खाकरल्यासारखं केलं आणि चेहरा पिळवटला. मग तीन बॉलचा स्पायरोमीटर दिला. काकांनी त्यात फुंकर मारली. दहातले आठ जण फुंकतातच, कारण ते यंत्र दिसतंच तसं. ओढायचं आहे, उसाचा रस स्ट्रॉने ओढतो तसं, हे सांगितल्यावर पहिला बॉल जेमतेम थरथरला. सरांनी केसपेपरवर लिहिलं: खोकला क्षीण, बॉल शून्य. माझ्या रात्रीच्या नोंदीत यातलं काहीच नव्हतं.

हृदयासाठी काका रक्त गोठू न देणारं क्लोपिडोग्रेल घेत होते. त्यामुळे एपिड्युरल नको ठरलं, मणक्याच्या नळीत रक्तस्राव झाला तर पाय जायची भीती. डायक्लोफेनॅकही बंद केलं, ते मी द्यायलाच नको होतं. सरांनी सोनोग्राफीखाली पाठीतून इरेक्टर स्पायनी ब्लॉक दिला. छातीच्या पाचव्या मणक्याच्या आडव्या टोकावर, स्नायूच्या खाली, 0.2 टक्के रोपिव्हाकेन 20 मिली, आणि तिथेच बारीक कॅथेटर ठेवला, म्हणजे दर सहा तासांनी पुन्हा औषध देता येईल. सोबत पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दर सहा तासांनी, घड्याळाप्रमाणे. मागितलं तर द्या, असं नाही. एवढं करूनही खोकताना दुखलं तरच मॉर्फिन, 2 मिलिग्रॅम हळूहळू. नुसत्या मॉर्फिनवर भागवायला गेलं तर दुखणं थांबतं, पण माणूस गुंगीत जातो आणि श्वासच मंदावतो, म्हणजे ज्यासाठी ते द्यायचं तेच बिघडतं.

चाळीस मिनिटांनी काकांनी एक बॉल वर नेला. मग उशी धरून खोकले आणि पिवळट, रक्ताच्या रेषा असलेला घट्ट कफ पडला. श्वास 22 वर आला. तेवढ्यात मी घाबरून सरांना हाक मारली, कारण आता छातीच्या उजव्या बाजूचा तुकडा स्पष्ट आत-बाहेर होत होता. सर हसले. स्नायूंची आवळण सुटली म्हणून तो दिसायला लागला होता. छाती दिसायला वाईट झाली होती आणि श्वास सुधारला होता. मला फ्लेल चेस्ट खऱ्या अर्थाने कळला तो त्या क्षणी. एकेकाळी, 1956 च्या सुमारापासून, हा तुकडा आतून टेकवून धरायला म्हणून रुग्णाला आठवडे-आठवडे व्हेंटिलेटरवर ठेवायचे. 1970 च्या दशकात लक्षात आलं की घात बहुधा ठेचलेलं फुप्फुस आणि दुखणं करतात, नुसतं ते हलणं नाही.

व्हेंटिलेटर लागतच नाही असं मात्र नाही. वेदना आटोक्यात असूनही श्वास 30 च्या वर राहिला, माणूस थकून बोलेनासा झाला, रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढायला लागला, तर वाट बघू नका. काही जणांना प्लेट घालून बरगड्या जोडाव्या लागतात. आणि अचानक बिघडलं तर दुखण्याला दोष देण्याआधी स्टेथोस्कोप लावा. मोडक्या टोकाने फुप्फुसाला छिद्र पडून हवा उशिराही साठू शकते.

तिसऱ्या रात्री श्वास परत 28. दोन बॉल उचलणाऱ्या काकांना एकही उचलेना. दोन्ही बाजूंना हवा नीट जात होती. चादर बाजूला करून पाठ बघितली तर कॅथेटर निघून ड्रेसिंगमध्ये गुंडाळलेला, औषध बनियनमध्ये मुरत होतं. सरांनी नवा घातला, सकाळपर्यंत परत दोन बॉल. त्यानंतर आम्ही दर चार तासांनी बॉलची संख्या चार्टवर लिहायला लागलो, कारण सॅच्युरेशन ऑक्सिजनच्या जोरावर बराच वेळ चांगलं दिसत राहतं.

काका अकराव्या दिवशी घरी गेले. जाताना मुलाने विचारलं, "डॉक्टर, छातीला पट्टा बांधू का? मेडिकलवाला म्हणतो बांधाच." नको म्हणालो. पट्ट्याने दुखणं थोडं कमी वाटतं, पण छाती फुगूच देत नाही. दोन आठवड्यांनी काका ओपीडीत आले. सदरा काढायला सांगितला तर आत पट्टा होताच, करकचून. तो सोडला आणि स्पायरोमीटर हातात दिला. काकांनी न सांगता ओढला, फुंकला नाही. दोन बॉल वर गेले, तिसरा अर्ध्यावर. पट्टा मुलाच्या पिशवीत टाकला.