शेवटचा ‘ना’ खोडायचा

मानसशास्त्रात एम.ए. करून मी विद्यार्थ्यांसाठीच्या एका मनःस्वास्थ्य चॅटवर बसायला लागले, तेव्हा डोक्यात सिद्धान्त भरपूर आणि बोटांत धड एक वाक्य नाही, अशी गत होती. काम पुण्यातलं, त्यामुळे समोर बहुतेक स्पर्धा परीक्षावाले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारे, अभ्यासिका बंद झाल्यावर मोबाइल घेऊन जिन्यात बसणारे. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी एकच चॅट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रात्री पावणेबाराला मेसेज आला: “ताई, फार काही नाही. मेस बंद केली आज. नोट्स पण ज्युनिअरला देऊन टाकल्या. आता मोकळं वाटतंय.”

मी आठ ओळी टाइप केल्या. अपयशाकडे बघण्याची दृष्टी, लहानपणापासूनच्या अपेक्षा, शेवटी श्वासाचा एक व्यायाम. नवख्यांची उत्तरं पाठवण्याआधी शिफ्टच्या मॅडम बघायच्या. त्यांनी सगळं खोडलं आणि विचारलं, “त्याने तुला काय काय सांगितलं?” मी पुन्हा वाचलं. मेस बंद, नोट्स वाटून टाकल्या, आणि कारण न सांगता आलेला मोकळेपणा. तिन्ही एकत्र आले की कान टवकारायचे. पण निष्कर्ष काढायचा नाही, कारण परीक्षेचा नाद सोडून गावी निघालेला मुलगाही नेमकं हेच करतो. फरक पुढच्या वाक्यात कळतो. गावी जाणाऱ्याकडे ‘पुढे’ असतं: उद्याची एसटी, मामाचं दुकान, बहिणीचं लग्न. म्हणून पहिलं उत्तर गेलं ते एवढंच:

“मेस बंद केलीत, नोट्स देऊन टाकल्यात आणि आता मोकळं वाटतंय म्हणालात. गावी जायचं ठरवलंय, की मनात आणखी काही आहे?”

शब्द त्याचेच. त्याने ‘निराश’ म्हटलेलं नाही, तर आपणही म्हणायचं नाही. तो ‘ताई’ म्हणत होता तरी मी ‘तुम्ही’वरच राहिले. पहिल्या पाच मिनिटांत ‘अरे तू’ केलं की काही मुलांना घरचं ओरडणं आठवतं.

तो म्हणाला, “गावी कुठल्या तोंडाने जाऊ. तिसऱ्यांदा पूर्व परीक्षा गेली.”

आता विचारायलाच हवं होतं. मी लिहिलं: “तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?” मॅडमनी शेवटच्या ‘ना’वर पेन्सिल टेकवली. “याला तो काय उत्तर देईल?” उघड आहे, “नाही हो ताई.” आपली भाषा इथे दगा देते. ‘ना’ लावला की समोरच्याला कळतं की आपल्याला ‘नाही’ ऐकायचं आहे, आणि तो बिचारा आपली सोय बघतो. ‘बरंवाईट’, ‘तसलं काही’, ‘टोकाचं पाऊल’ यांचंही तेच. आडून विचारलं की उत्तर आडूनच येतं. शेवटी गेलेलं वाक्य असं होतं:

“इतकं झाल्यावर काहींच्या मनात मरण्याचे विचार येतात. तुमच्या मनात येतात का?”

असं थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसेल, ही भीती मलाही होती. यावर अभ्यास झालेले आहेत आणि तसं आढळलेलं नाही. उलट पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं. इथे चार मिनिटं ‘टाइप करत आहे’ दिसत राहिलं. मग आलं, “हो.”

यावर घाबरून समजूत घालायची नाही. आईवडिलांची आठवण करून द्यायची नाही. त्या ओझ्याखाली तो आधीच दबलेला असतो. मी लिहिलं, “सांगितलंत, बरं केलंत. आज रात्री तसं काही करायचं ठरवलंय का? आणि आत्ता जवळ कोण आहे?” ‘कसं’ हे मी विचारलं नाही. त्याने आज रात्रीच ठरवलंय म्हटलं असतं, तर चॅट मॅडमकडे गेली असती आणि ११२ ची तयारी सुरू झाली असती. तो म्हणाला, ठरवलं नाही, पण झोप येत नाही, सारखं तेच डोक्यात. रूममेट झोपलाय.

मला खरा मोह पडला तो इथे. कधीपासून असं होतंय, वडील काय म्हणाले, आधी कधी असं झालं होतं का, हे सगळं विचारावंसं वाटत होतं. पण वडिलांचा विषय मी मध्यरात्री उघडला असता आणि पाऊण तासाने शिफ्ट संपवून घरी गेले असते. उघडलेलं मिटवायला त्याच्याजवळ कोण होतं? जो समुपदेशक त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणार आहे, ते प्रश्न त्याचे.

आता नंबर. नवखे एक तर तो द्यायचं विसरतात किंवा पहिल्याच उत्तरात फेकतात. पहिल्याच ओळीत नंबर आला की समोरच्याला दार लावून घेतल्यासारखं वाटतं. नंबर देताना पलीकडे काय होईल तेही सांगायचं. मी लिहिलं: “टेली-मानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू. आधी भाषा विचारतात, मराठी निवडा. प्रशिक्षित समुपदेशक बोलतील, आणि गरज वाटली तर पुढे डॉक्टरांशी जोडून देतील.”

त्याने विचारलं, “पोलीस केस होते का?” हा प्रश्न येतोच, म्हणून उत्तर तयार ठेवा. असे विचार येणं किंवा मदत मागणं हा गुन्हा नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ तर प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतं. त्याला मी कलम वगैरे सांगितलं नाही. “बोलण्याबद्दल केस होत नाही” एवढंच लिहिलं.

मग म्हणाला, खोलीत सगळे झोपलेत, बोलू कुठे? मी सहज ‘गच्चीवर जाऊन बोला’ टाइप केलं. मॅडमनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी ते खोडून लिहिलं, “रूममेटला उठवता येईल? ‘झोप येत नाही, जरा जवळ बस’ एवढंच म्हणा. बाकीचं सांगायची सक्ती नाही. तोवर मी इथे आहे.”

“घरी सांगणार नाही ना?” या वेळी ‘ना’ त्याचा होता. ‘कुणालाच नाही सांगणार’ हे वचन आपण देऊ शकत नाही, आणि दिलं तर मोडावं लागतं. “तुम्हाला न विचारता घरी फोन करणार नाही. पण जिवाला धोका वाटला तर मी माझ्या मॅडमना सांगेन आणि मदत बोलावू.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग ‘ठीक’ आलं.

पत्ता आमच्याकडे नव्हता. त्याच्याबद्दल जे काही ठाऊक होतं ते त्या एका चॅटच्या खिडकीत होतं, ती बंद झाली तर त्याच्यापर्यंत पोहोचायचा मार्गच संपला. म्हणून फोन लागेपर्यंत मी दर दोन-तीन मिनिटांनी एक छोटी ओळ टाकत राहिले: “उठला का तो?”

नोंदवहीत मी लिहिलं, ‘नैराश्य असावं.’ मॅडमनी तेही खोडायला लावलं. निदान करणं हे आमचं काम नाही. त्याजागी राहिलं ते असं: मरण्याचे विचार येतात म्हणाला. आज रात्रीचं ठरवलेलं नाही म्हणाला. रूममेट जागा. १४४१६ दिला. १२:३८ ला त्याचा मेसेज: “रूममेट चहा ठेवतोय. फोन लागला, मराठी दाबलं.” १२:४१ ला चॅट त्याच्या बाजूने बंद.