मायक्रोटीचिंगचे साधन : पाठ सहा मिनिटांचा, दुरुस्ती बारा मिनिटांची. या चुका टाळा

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची शिकवण्याची साधने, म्हणजे तक्ते, प्रतिकृती, स्लाइड, अनेकदा तासाभराच्या वर्गासाठी केलेली असतात आणि ती उभी राहतात सहा मिनिटांच्या पाठात. बहुतेक गडबड इथूनच सुरू होते. भारतात रूढ असलेल्या मायक्रोटीचिंगच्या चक्रात 6 मिनिटे शिकवणे, 6 मिनिटे प्रत्याभरण, 12 मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा 6 मिनिटे शिकवणे आणि पुन्हा 6 मिनिटे प्रत्याभरण, अशी 36 मिनिटे असतात. समोर पाच ते दहा जण बसतात आणि एका वेळी एकच अध्यापन कौशल्य तपासले जाते. म्हणून साधन निवडताना दोन गोष्टी विचारायच्या : सहा मिनिटांत ते कामाला येईल का, आणि त्यात चूक निघाली तर बारा मिनिटांत ती दुरुस्त होईल का?

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे. विषय : इंजेक्शनच्या सुईचा कोन. कौशल्य : उदाहरणांसह स्पष्टीकरण. उद्दिष्ट : स्नायूत, त्वचेखाली आणि त्वचेत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनचा कोन विद्यार्थ्याने सांगावा आणि सुईचे टोक कोणत्या थरात थांबते ते दाखवावे.

चूक 1 : साधन आधी, कौशल्य नंतर

कपाटात तयार तक्ता आहे म्हणून तो घेतला आणि मग त्याला शोभेल असे कौशल्य पाठटाचणात लिहिले, हा प्रकार नेहमीचा आहे. निरीक्षकाच्या हातात मात्र त्या कौशल्याचीच तपासणी यादी असते. फलकलेखन तपासायचे असताना लॅमिनेट केलेला तक्ता टांगला तर अक्षराचा आकार, ओळींची सरळता, लिहिताना वर्गाकडे लक्ष, यांतले काहीच तपासता येत नाही. प्रश्न कौशल्याच्या पाठात उत्तरे छापलेल्या स्लाइड लावल्या तर विद्यार्थी विचार करायच्या आधी वाचून मोकळे होतात. तिथे नावे न लिहिलेले चित्र हवे.

आपल्या उदाहरणात कौशल्य स्पष्टीकरणाचे आहे आणि अडचण अशी की सुई आत गेल्यावर काय होते ते प्रत्यक्ष दिसत नाही. त्यामुळे सिरिंज आणि सुई हातात धरून दाखवणे कमी पडते. त्वचेपासून स्नायूपर्यंतचा उभा छेद दाखवणारे साधन लागते.

चूक 2 : मोठी प्रतिकृती, पण सुई खरीच

ही चूक दिसायला किरकोळ असते आणि शिकवते थेट चुकीचे. थर लांबून दिसावेत म्हणून स्पंजची प्रतिकृती पाचपट मोठी केली जाते आणि तिच्यात खरी 25 मिलिमीटरची सुई टोचली जाते. प्रत्यक्षात स्नायूपर्यंत पोहोचणारी सुई इथे चरबीच्या थरातच थांबते. शिकवणारी म्हणते 'स्नायूत गेली', आणि डोळ्यांना दिसते भलतेच.

प्रतिकृती मोठी केली की सुईही तितक्याच पटीने मोठी करावी लागते. पाचपट प्रमाणाचा हिशेब असा. त्वचा 2 मिलिमीटर धरली तर पट्टी 1 सेंटीमीटरची. चरबी 12 मिलिमीटर धरली तर 6 सेंटीमीटरची. खाली स्नायूसाठी 10 सेंटीमीटर. चरबीची जाडी माणसागणिक आणि जागेगणिक बदलते, हे वर्गात एका वाक्यात सांगायचे, नाहीतर विद्यार्थी हाच आकडा पाठ करतात.

आता सुया. स्नायूसाठी 25 मिलिमीटरची म्हणजे प्रतिकृतीत 12.5 सेंटीमीटरची काडी. 90 अंशात ती त्वचा आणि चरबीचे 7 सेंटीमीटर ओलांडून 5.5 सेंटीमीटर स्नायूत जाते. त्वचेखालच्या इंजेक्शनसाठी 16 मिलिमीटरची, म्हणजे 8 सेंटीमीटरची काडी. 45 अंशात तिची खोली सुमारे 5.7 सेंटीमीटर भरते, म्हणजे टोक चरबीतच राहते. हीच काडी सरळ 90 अंशात ठेवून दाखवली तर ती 8 सेंटीमीटर खाली, स्नायूत पोहोचते. कोन का महत्त्वाचा, हे वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

त्वचेतल्या इंजेक्शनला खरी मेख आहे. 13 मिलिमीटरची सुई प्रतिकृतीत 6.5 सेंटीमीटरची होते. ती 15 अंशात पूर्ण आत घातली तर सुमारे 1.7 सेंटीमीटर खोल जाते, म्हणजे 1 सेंटीमीटरची त्वचा पार करून चरबीत. प्रत्यक्षातही ही सुई पूर्ण आत जात नाही, तिचे टोकच, साधारण 3 मिलिमीटर, त्वचेत सरकवले जाते. म्हणून काडीवर टोकापासून 1.5 सेंटीमीटरवर रंगीत चिकटपट्टीची खूण करायची आणि तिथवरच आत घ्यायची. टोक तिरपे कापून तिरपी बाजू वर ठेवायची. कोन 10 ते 15 अंश.

चूक 3 : सुई स्पंजच्या आत गडप

स्पंजचा ठोकळा केला आणि मधोमध सुई खुपसली की समोरच्यांना दिसते फक्त वरचे बूड. थर रंगवण्यात दोन संध्याकाळी गेलेल्या असतात, पण जे दाखवायचे तेच झाकले जाते. ठोकळ्याऐवजी सपाट छेद करावा. 40 सेंटीमीटर रुंद आणि 35 सेंटीमीटर उंच जाड पुठ्ठा घ्या. त्यावर 2 सेंटीमीटर जाडीच्या स्पंजच्या आडव्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवा. हाच आपला बोर्ड. काड्या आत खुपसण्याऐवजी पट्ट्यांच्या दर्शनी बाजूवर ठेवा आणि वेल्क्रोने धरा. कोनमापकाने तिन्ही कोनांच्या पुसट रेषा आधीच आखून ठेवल्या तर ऐनवेळी हात थरथरला तरी 45 चे 60 होत नाहीत.

काडीची जाडी साधारण 3 मिलिमीटर ठेवा. खरी सुई अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड असते, त्यामुळे हे प्रमाणालाही धरून आहे. रंग काळा. चरबीसाठी पिवळा आणि स्नायूसाठी लाल रंग बोर्डावर उठून दिसतो, पण पिवळ्या पट्टीवर पांढरे अक्षर आणि पांढऱ्या कागदावर पिवळे अक्षर दोन्ही वाचता येत नाही. फक्त लाल आणि हिरवा वापरून दोन थर वेगळे दाखवू नका. रंगांधळेपणा असणाऱ्याला ते सारखेच भासू शकतात.

चूक 4 : नावे घट्ट चिकटवणे

साधन देखणे व्हावे म्हणून सगळी नावे आधीच पक्की चिकटवली जातात. प्रत्याभरणात निरीक्षक म्हणतो, 'नावे आधीच दिसत होती, विद्यार्थ्यांना विचारायला काही उरलेच नाही.' हातात बारा मिनिटे असतात आणि नावे निघत नाहीत, ओढली तर स्पंज फाटतो. दुसरा पाठ पहिल्यासारखाच होतो.

नावे वेगळ्या पट्ट्यांवर लिहा आणि मागे वेल्क्रो लावा. मग पहिल्या पाठात तुम्ही लावता, दुसऱ्या पाठात विद्यार्थ्याला लावायला देता, आणि सुधारणा निरीक्षकाला डोळ्यांदेखत दिसते. अक्षर तीन मीटरवरून वाचायला सुमारे 2.5 सेंटीमीटर उंचीचे ठेवा. 1 सेंटीमीटरच्या त्वचेच्या पट्टीवर ते मावत नाही. ते नाव पट्टीबाहेर उजवीकडे ठेवून रेषेने जोडा. सोबतच्या पिशवीत जाड मार्कर, कोऱ्या पट्ट्या, कात्री, चिकटपट्टी आणि एक जादा काडी असली की बारा मिनिटे पुरतात.

चूक 5 : वस्तू हातोहात फिरवणे

खरी सिरिंज आणली आहे तर सगळ्यांनी हाताळावी, हा विचार चांगला असला तरी हिशेबात बसत नाही. आठ जणांनी वीस-वीस सेकंद पाहिली तरी 160 सेकंद जातात. सहा मिनिटांतली जवळजवळ निम्मी. शिवाय एक जण पाहत असताना उरलेले सात जण ना तुमचे ऐकतात ना बोर्डाकडे पाहतात. एक सिरिंज तुम्हीच हातात धरा, किंवा दोघांत एक याप्रमाणे चार ठेवा आणि वीस सेकंदांत परत घ्या. सुई नसलेली सिरिंज पुरे. कोन शिकवायला उघडी सुई लागतच नाही. तरीही आणायची असेल तर टोचणाऱ्या कचऱ्याचा न भोसकणारा डबा हाताशी ठेवा आणि टोपण परत लावून दाखवू नका, नाहीतर तेवढेच नेमके विद्यार्थी उचलतात.

साधने किती? या पाठाला बोर्ड आणि एक सिरिंज एवढी बास. साधन उभे करणे, झाकणे, उघडणे यात प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद सहज जातात. आमचा अंदाज असा : प्रस्तावनेला 40 सेकंद, तीन कोनांना प्रत्येकी 70, प्रश्नांना 60, समारोपाला 30. बेरीज 340 सेकंद, हाती उरतात 20. त्यात स्लाइड बसवायची म्हटली तर एखादा कोन गाळावा लागेल.

स्लाइड लागतीलच तर तीन-चार पुरतात आणि फाइलची पीडीएफ प्रत सोबत ठेवावी. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर भलतीच अक्षरे दाखवतो. युनिकोडमध्ये टाइप केले तर ही कटकट टळते.

चूक 6 : मांडणी आणि उभे राहणे

बोर्ड टेबलावर सपाट ठेवला की मागच्यांना फक्त वरची कड दिसते. तो थोडा मागे कललेला, बसलेल्यांच्या नजरेच्या उंचीवर हवा. त्वचेची पट्टी 1 सेंटीमीटरचीच असल्याने खुर्च्या अर्धवर्तुळात, दोन ते तीन मीटरच्या आत ठेवा. उजव्या हाताने दाखवणार असाल तर बोर्डाच्या अशा बाजूला उभे राहा की हात तोंडासमोरून आडवा जाणार नाही. लागेपर्यंत बोर्ड झाका आणि काम झाले की पुन्हा झाका. उघडा राहिलेला बोर्ड समारोपातही लक्ष खेचत राहतो. तक्ता वापरत असाल तर तो गुंडाळताना चित्र बाहेरच्या बाजूला ठेवा. मग टांगल्यावर कडा भिंतीकडे वळतात, वर्गाकडे वर येत नाहीत.

चाचणी कशी घ्यावी

पाठाच्या आदल्या दिवशी बोर्ड उभा करून विषय न शिकलेल्या कुणाला तरी शेवटच्या खुर्चीत बसवा आणि काहीही न सांगता तीन प्रश्न विचारा : किती थर दिसतात, काडीचे टोक कोणत्या थरात आहे, दोन काड्यांत फरक काय? पहिले उत्तर चुकले तर रंगांत दोष आहे, दुसरे चुकले तर काडी नीट दिसत नाही, तिसरे चुकले तर कोनांतला फरक डोळ्यांत भरत नाही. वर्गमित्रांवर ही चाचणी करून उपयोग नाही. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते, ते न पाहताच सांगतात.

प्रत्यक्ष पाठात निरीक्षकाकडून 'साधन आकर्षक होते' एवढाच शेरा घेऊ नका. पाठाआधीच त्याला दोन गोष्टी मोजायला सांगा : तुम्ही बोर्ड किती सेकंद अंगाने झाकला, आणि दाखवत नसताना तो किती सेकंद उघडा होता. हे आकडे हातात असले की पुनर्नियोजनाची पहिली दोन मिनिटे काय बदलायचे हे शोधण्यात जात नाहीत.