ॲक्वापोनिक्स: टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडू नका

थंडी तोंडावर आलीय आणि या दिवसांत मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवणारं नवीन युनिट लावणारे बरेच जण आहेत, म्हणून आधीच सांगतो. मासे मरतात ते रोगाने कमी आणि घाईने जास्त.

गेल्या वर्षी निफाडकडच्या एका पोराने हजार लिटरची टाकी भरली आणि त्याच संध्याकाळी शंभर पिल्लं सोडली. आठव्या दिवशी सकाळी मासे वर येऊन एअर स्टोनजवळ तोंड उघडत होते, मी कल्ला उचलून पाहिला तर लालभडक नाही, तपकिरी. म्हणजे पाण्यात माशांना घातक असं नायट्राइट वाढलेलं. दुकानदाराने त्याला बॅक्टेरियाची महागडी बाटली दिली, तरी चार दिवसांत निम्मे गेले.

माशाच्या कल्ल्यातून अमोनिया बाहेर पडतो, तो झाडाचं खत आपोआप होत नाही. झाडं लावलेल्या खडीवरचे जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, मग दुसरे नायट्रेट, आणि पालक-लेट्यूस मुख्यतः ते नायट्रेट खातात. हे जिवाणू बसायला उबदार पाण्यात 4 ते 6 आठवडे लागतात, गार पाण्यात त्याहून जास्त, म्हणून ऑक्टोबरातच सुरुवात करा, डिसेंबरात निफाडचा पारा 5-6 वर उतरतो तेव्हा नको.

पद्धत सोपी. नळाचं पाणी दोन दिवस हवा देऊन ठेवा, क्लोरीन निघून जाईल. मग रोज चिमूटभर खाद्य टाकून कुजू द्या आणि कुणाची जुनी टाकी असेल तर तिथली बादलीभर खडी आणून मिसळा, हीच खरी बाटली, फुकटात. साधं टेस्ट किट मात्र घ्याच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आधी वाढतील, मग खाली येतील, शून्याजवळ आले आणि नायट्रेट दिसलं की पिल्लं सोडा, तीही आधी दहा-पंधरा. माझा अंदाज असा की खडी बोटाला बुळबुळीत लागते आणि ओल्या मातीसारखा वास येतो तेव्हा बहुतेक तयार असते, पण किटने खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

रोजचं काम:
- पालेभाजीच्या एका चौरस मीटरमागे माशांना दिवसाला 40 ते 50 ग्रॅम खाद्य
- पीएच 6.8 ते 7
- उरलेलं खाद्य अर्ध्या तासात काढणं
- एअर पंपाला बॅटरी

हे चक्र सगळं देत नाही. लोह, पोटॅश, कॅल्शियम कमी पडतं, नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर लोहच समजा, चिलेटेड लोह 2 मिलिग्रॅम प्रति लिटर. मावा आला म्हणून झाडावर कीटकनाशक मारलं तर ते पाण्यात उतरून मासे मारतं, तिथे पाण्याची धार आणि हातच वापरायचा.

मासा तिलापिया असेल तर आधी मत्स्य विभागाची परवानगी बघा, आणि पाणी 18 अंशाखाली गेलं की खाद्य निम्म्यावर आणा, टाकीवर रात्री ताडपत्री टाका.