‘शी’ कोणासाठी, ‘यो’ कोणासाठी: कोरियन घर मराठीत आणताना

कोरियनमधून मराठीत अनुवाद करायला लागले तेव्हा मी स्वतःपुरता एक नियम केला होता. वाक्याच्या शेवटी ‘यो’ आला की ‘तुम्ही’, नाही आला की ‘तू’. पहिल्याच कौटुंबिक कथेत हा नियम कोसळला. माझा मजकूर तपासणाऱ्या बाईंनी एका ओळीखाली रेघ मारून विचारलं होतं, “मुलगी बापाला एवढी अरे-तुरे का करते?”

ओळ साधी होती. माहेरी आलेली मुलगी आईला विचारते, “ऑम्मा, आप्पा ओश्यॉस्सॉ?” शेवटी ‘यो’ नाही, म्हणून मी लिहिलं होतं, “आई, बाबा आला?” पण त्या क्रियापदाच्या पोटात ‘शी’ बसलेला आहे, तो मी पाहिलाच नव्हता. ‘ओ’ म्हणजे येणं, त्याला ‘शी’ जोडला आणि भूतकाळ केला की ‘ओश्यॉस्स’. हा ‘शी’ ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्यासाठी, म्हणजे बाबांसाठी असतो. ‘यो’ मात्र ज्याच्याशी बोलतोय त्याच्यासाठी असतो. इथे ऐकणारी आई आहे, जवळची आहे, म्हणून ‘यो’ गळला. नीट मराठी असं होतं: “आई, बाबा आले का गं?” ‘आले’मध्ये ‘शी’ आला आणि ‘गं’मध्ये ‘यो’चं नसणं आलं.

हे एकदा कळलं की मराठी माणसाला पुढचं काम बरंच सोपं आहे. दोन वेगळे मान आपण रोज वापरतो. ज्याच्याबद्दल बोलतो त्याचा मान ‘आला’ की ‘आले’ यात दिसतो. ऐकणाऱ्याचा मान ‘अरे, अगं, अहो’ आणि ‘का रे, का गं, का हो’ यांत दिसतो. म्हणून ‘यो’ दिसला की क्रियापद बदलायला धावू नका, आधी ‘अहो’ची जागा शोधा.

आता तीच मुलगी सासरी जाते आणि सासूला म्हणते, “ऑमॉनिम, आबॉनिम ओश्यॉस्सॉयो.” इथे ‘शी’ही आहे आणि ‘यो’ही. मराठीत: “अहो आई, बाबा आले.” मला हे जुळणं फार आवडतं. कोरियन सून स्वतःच्या आईला ‘ऑम्मा’ म्हणते आणि सासूला ‘ऑमॉनिम’. आपल्याकडेही कितीतरी मुली सासूला ‘अहो आई’ म्हणतात आणि माहेरी ‘अगं आई’. शब्दकोशात ‘ऑमॉनिम’चा अर्थ ‘माताजी’ किंवा ‘मातोश्री’ असा निघेल. तो संवादात घातलात तर घर जाऊन पौराणिक नाटक येतं. ‘सासूबाई’ हा शब्द सून तिसऱ्याशी बोलते तिथे ठेवा. कोरियनमध्येही हाक मारायचा शब्द ‘ऑमॉनिम’ आणि उल्लेखाचा शब्द ‘शिऑमॉनी’ असे दोन वेगळे आहेत.

दुसऱ्या दिवशी नणंद येते. “ऑमॉनिम, आगाश्शी वास्सॉयो.” क्रियापदात ‘शी’ नाही, कारण नवऱ्याची धाकटी बहीण सासूच्या पुढ्यात मानाची नाही. ‘यो’ आहे, तो सासूसाठी. मराठीत काय करायचं? जुन्या वळणाच्या घरात सून “अहो आई, वन्सं आल्या” असंच म्हणेल, आणि मूळ वाक्यात नसलेला मान ‘आल्या’मध्ये आपोआप शिरेल. मी तो शिरू देते, कारण ‘वन्सं आली’ मराठी कानाला अपमान वाटतो आणि मूळ वाक्यात अपमान मुळीच नाही. घर आजच्या सोलमधलं असेल तर नणंदेचं नाव घेऊन “आली” लिहिते. ‘आगाश्शी’ आणि अविवाहित धाकट्या दिरासाठीचा ‘तोर्यॉन्निम’ या हाकांवर कोरियातच बरीच नाराजी आहे. नवऱ्याकडच्या धाकट्यांना बायकोने मानाने हाक मारायची आणि बायकोकडच्या धाकट्यांना नवऱ्याने साध्या नात्याने, हा भेद अनेकींना खटकतो. पात्र ही हाक चिडून टाळत असेल तर ते टाळणं मराठीतही दिसलं पाहिजे.

नात्याच्या शब्दांत नवख्याला सगळ्यात जास्त फसवतो तो ‘ह्यॉंगनिम’. शब्दकोश म्हणतो, ‘मोठा भाऊ’. पुरुष बोलत असेल तर ते बरोबर. विवाहित बाई सासरी हा शब्द वापरते तेव्हा समोर असते नवऱ्याची मोठी बहीण किंवा थोरली जाऊ. एका कथेत पस्तिशीची बाई तिशीच्या बाईला ‘ह्यॉंगनिम’ म्हणत होती आणि मी दोन दिवस मूळ मजकुरात चूक आहे असं समजत होते. चूक नव्हती. तिशीची बाई थोरल्या दिराची बायको होती. मान वयावरून नाही, नवऱ्यांच्या क्रमावरून ठरला होता. अशा वेळी दोघी बहुधा एकमेकींशी ‘यो’ लावूनच बोलतात. मराठीत मी “जाऊबाई, तुम्ही” असं दोन्हीकडून ठेवलं. नात्याचा शब्द आला की बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, माहेरची की सासरची, हे मी आधी कागदावर लिहून ठेवते. छोटा वंशवृक्षच काढते म्हणा ना.

आता एक वाक्य नीट उलगडून पाहू. नातू आजीला जेवायला बोलवायला येतो: “हाल्मॉनी, ऑम्मागा चिन्जी चाप्सुशिरेयो.” ‘चिन्जी’ हा जेवणाचा मानाचा शब्द, रोजचा शब्द ‘पाप’. ‘चाप्सुशि’ म्हणजे मोठ्यांनी जेवणं, त्यातला ‘शी’ आजीचा. ‘रे’ म्हणजे ‘असं सांगितलंय’, आणि सांगणारी आई. तिच्या सांगण्यावर ‘शी’ नाही. शेवटचा ‘यो’ पुन्हा आजीचा. मराठीत: “आजी, आईने जेवायला बोलावलंय हो तुम्हाला.” ‘आईंनी’ लिहिलंत तर नसलेला मान दिला. आजीला ‘तू’ म्हणणारं घर असेल तर ‘तुला’ही चालेल, कारण मराठीत आजी-आई यांना ‘तू’ म्हणणं माया असते, उद्धटपणा नसतो. मात्र मग ‘हो’ काढा.

याच जागी एक चूक कोरियन मुलंही करतात. मोठी बहीण धाकट्या भावाला म्हणते, “हाराबॉजिगा नॉ ओशिरे.” तिला म्हणायचंय, आजोबांनी तुला बोलावलंय. पण ‘शी’ ‘ये’ या क्रियेला लागला, म्हणजे येणाऱ्या भावाला मान मिळाला. बरोबर रूप ‘ओराश्यॉ’, जिथे ‘शी’ आजोबांच्या सांगण्याला लागतो. ही चूक लेखकाने मुद्दाम ठेवली असेल तर मराठीत सुधारू नका: “आजोबांनी तुम्हाला बोलावलंय” असं बहिणीच्या तोंडी राहू द्या, वाचणाऱ्याला गंमत कळते.

आणखी एक सापळा. “हाल्मॉनीनुन ऑन्जे ओश्यॉस्सॉयो?” हे वाक्य आजीलाच विचारलेलं असतं. मोठ्यांना सर्वनामाने संबोधत नाहीत, म्हणून ‘तुम्ही’च्या जागी नातं येतं. शब्दाला शब्द ठेवून “आजी कधी आल्या?” केलंत तर आजी खोलीत नाही असं वाटतं. लिहा: “आजी, तुम्ही कधी आलात?”

आणि जिथे पातळी बदलते ती ओळ सावकाश करा. सासरे नव्या सुनेशी पहिल्या भेटीत अवघडून ‘यो’ लावून बोलतात. ती म्हणते, “आबॉनिम, माल्स्सुम नाच्छुसेयो.” शब्दशः ‘बोलणं खाली आणा’. मी लिहिलं, “बाबा, मला अगं-तुगं म्हणा ना.” पुढच्या ओळीपासून सासऱ्यांच्या बोलण्यातला ‘यो’ गेला होता, आणि माझ्या मजकुरातलं ‘अहो’ही.