अनोळखी प्राध्यापकाला मेल लिहिताना : विनोद कुठे चालतो, कुठे नाही

पावसाळा सरत आला की जर्मनीतल्या प्राध्यापकांकडे भारतातून उन्हाळी इंटर्नशिपसाठी मेल यायला लागतात. डाड या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या 'वाइज'सारख्या शिष्यवृत्तीला अर्ज करायचा तर आधी तिथल्या एखाद्या प्राध्यापकाची संमती लागते. ती मिळवायची म्हणजे आपल्याला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाला मेल लिहिणं आलं. मी जर्मनीत भूजलावर पीएचडी करते आहे. आमच्या गटाकडे येणारे असे मेल आमचे प्राध्यापक बरेचदा आधी मला वाचायला देतात, आणि आपल्याकडची मुलं-मुलीही पाठवण्याआधी "ताई, एकदा बघ ना" म्हणून मसुदे दाखवतात. त्यामुळे दोन्ही बाजू मला दिसतात.

बहुतेक मेल एकाच साच्यातले असतात. मी अत्यंत मेहनती आहे, आपल्या थोर संशोधनाने भारावून गेलो आहे, संधी द्यावी. हा साचा मोडावा म्हणून कुणीतरी सल्ला देतं की थोडं स्वतःबद्दल लिही, थोडं हलकंफुलकं लिही. सल्ला चुकीचा नाही. पण कशावर हसायचं आणि स्वतःबद्दल काय सांगायचं, हे कुणी सांगत नाही.

लातूरकडच्या एका मुलीचा मसुदा तिच्या परवानगीने इथे उलगडून दाखवते. ती सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि कठीण खडकातल्या भूजलावर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांना लिहीत होती. मेल इंग्रजीत होता, मी मथितार्थ मराठीत देते. त्यात तीन जागा अशा होत्या, ज्या तिला आवडल्या होत्या आणि मला खटकल्या.

पहिली जागा सुरुवातीलाच होती : "मी जर्मन रेल्वेसारखी वेळेवर काम पूर्ण करीन." तिला हे कौतुक वाटलं होतं. प्रत्यक्षात 2024 मध्ये डॉइच बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम 62 टक्के वेळेवर पोहोचल्या, आणि तिथे 6 मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर'च धरतात. जर्मन माणूस रोज फलाटावर उभा राहून या विषयावर चरफडत असतो. वाचणाऱ्याला एक तर वाटेल की हिला काही माहीत नाही, किंवा वाटेल की ही टोमणा मारते आहे. प्रयोगशाळेत कॉफी पिताना इथले लोक स्वतःच रेल्वेवर पोटभर हसतात, आणि वर्षभर त्याच गाड्यांनी प्रवास केल्यावर मीही त्यात सामील होते. पण ते हसण्याचा हक्क पहिल्या मेलमध्ये मिळालेला नसतो. कौतुक असो वा थट्टा, समोरच्याच्या देशाबद्दलचा ठोकळेबाज समज पहिल्या पत्रात घालूच नये. वक्तशीर जर्मन, नम्र जपानी, मोकळा अमेरिकन, या सगळ्यांत आपण त्या एका माणसाशी बोलत नाही, त्याच्या देशाच्या चित्राशी बोलतो.

दुसरी जागा घरच्या परिस्थितीची. वडील कोरडवाहू शेतकरी, दोन बहिणी, समाज कोणता, घरातली शिकणारी ती पहिलीच. यातलं काहीही खोटं नव्हतं आणि लाजण्यासारखं तर मुळीच नव्हतं. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या अर्जात हे विचारतातच, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. पण जर्मनीत 2006 पासून समान वागणुकीचा कायदा आहे. नोकरीसाठी निवड करताना वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व यांवरून भेदभाव करता येत नाही, आणि ती सवय इंटर्न निवडतानाही लोकांच्या अंगी मुरलेली असते. समाज, धर्म, लग्न, घरची हलाखी हे वाचलं की प्राध्यापक अवघडतात. या माहितीचं त्यांनी करायचं काय? दया दाखवली तर निवड कलंकित होते, दुर्लक्ष केलं तर आपण निष्ठुर वाटू.

मी तिला विचारलं, "या परिच्छेदातली कोणती गोष्ट काढली तर तुझा अर्ज लंगडा पडेल?" बराच विचार करून ती म्हणाली, "विहीर." त्यांची विहीर मुरमात होती. फेब्रुवारी संपता संपता तिचा तळ दिसायचा. खालच्या काळ्या पाषाणात पाणी कुठे आहे, या प्रश्नानेच ती या विषयाकडे वळली होती. मग विहीर ठेवली, बाकी काढलं. वडिलांचा व्यवसाय वेगळा सांगावाच लागला नाही, विहिरीच्या वाक्यात तो आला.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, कारण मजकुरात खरा विनोद तिथेच होता. तिने लिहिलं होतं : "आमच्या गावातले अडाणी लोक अजूनही तळहातावर नारळ धरून फिरणाऱ्या पाणाड्याच्या मागे धावतात, म्हणून मला जर्मन विज्ञान शिकायचं आहे." वाचून मला वाईट वाटलं. हसू आणण्यासाठी तिने आपलीच माणसं खाली ढकलली होती, आणि समोरच्याला त्याच्या देशाच्या नावाने वर चढवलं होतं. जमिनीवर काम करणारा संशोधक शेतकऱ्यांसोबत वर्षानुवर्षं बांधावर बसलेला असतो. त्याला यात विनोद दिसत नाही. ही मुलगी उद्या माझ्यासोबत गावात आली तर लोकांशी कशी बोलेल, असा प्रश्न त्याला पडतो.

शिवाय हसायचं कुणावर? काठी घेऊन भूगर्भातलं धन शोधणं जर्मनीलाही चांगलंच ठाऊक आहे. सॅक्सनीच्या खाणींच्या मुलखात राहून आग्रिकोलाने लिहिलेला, 1556 मध्ये छापला गेलेला खाणकामावरचा प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ आहे. त्यातल्या एका चित्रात दुबेळक्याची काठी हातात धरून धातूची शीर शोधणारी माणसं आहेत. आग्रिकोलाला स्वतःला या काठीचा भरवसा नव्हता, पण माणसं तेव्हाही काठी धरत होती आणि आजही जर्मनीत काठीने पाणी पाहणारे सापडतात. म्हणजे नारळाचा विषय टाकून देण्यासारखा नव्हता. तो दोन्हीकडचा होता. फक्त हसण्याचं तोंड गावकऱ्यांकडून वळवायला हवं होतं.

तिच्याशी बोलताना कळलं की बोअर घेण्याआधी वडिलांनी दोन उपाय केले होते. पाणाड्याला बोलावलं होतं आणि विद्युत रोधकतेची, म्हणजे जमीन विजेला किती अडवते हे मोजून पाण्याचा अंदाज घेणारी, पाहणीही करून घेतली होती. दोघांनी शेताचा एकच कोपरा दाखवला. बोअर 300 फूट गेली आणि कोरडी निघाली. मग तो परिच्छेद तिने नव्याने लिहिला : "आमच्या शेतात नारळाने आणि रोधकतेच्या यंत्राने एकच जागा दाखवली. त्या दोघांचं एकमत झालं, खडकाचं झालं नाही. 300 फुटांपर्यंत पाणी लागलं नाही. नारळ का चुकला हे मला शोधायचं नाही. यंत्राने दाखवलेली कमी रोधकता पाण्याची होती की दोन लाव्हा थरांमधल्या लाल मातीची, हे मला शिकायचं आहे."

यात हसू कशावर आहे ते पाहा. खडकावर. खडक कुणाचाच ऐकत नाही, हा अनुभव लिहिणारीचा आहे तसाच वाचणाऱ्याचाही आहे. आणि हसू ओसरल्यावर हातात एक खरा प्रश्न उरतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, दोन थरांमध्ये लाल, चिकणमातीचे पट्टे येतात. चिकणमातीतून वीज सहज जाते, त्यामुळे आलेखात ती पाणी भरलेल्या भेगाळ खडकासारखी दिसू शकते, पण बोअरला पाणी देत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला ही शंका येते, एवढ्यावरूनच प्राध्यापकाला तिची तयारी कळते. समजा त्यांना गंमत कळलीच नाही, तरी वाक्य सरळ अर्थाने उभं राहतं. विनोद काढून घेतला तरी जे वाक्य पडत नाही, तेच परक्या संस्कृतीत पाठवायला सुरक्षित. शब्दांच्या कोट्या, उपरोध आणि इमोजी यांना तो आधार नसतो.

मी सगळ्यांना आणखी एक गोष्ट करायला सांगते. मेलमध्ये ज्यांचा उल्लेख आहे, त्यांच्यासमोर ते वाक्य मोठ्याने वाचता येईल का? तिने नवा परिच्छेद मराठीत करून वडिलांना वाचून दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "बोअरवाल्याचे पैसे पण लिही."

जागाही तितकीच महत्त्वाची. विषयाच्या ओळीत गंमत नको. ती ओळ फोनवर एकटीच दिसते, मागेपुढे काही नसतं. तिथे 'मे ते जुलै इंटर्नशिप, बेसॉल्टमधील भूजल' इतकं कोरडं लिहावं. मग 'प्रोफेसर' आणि आडनाव. प्राध्यापक बाई असतील तर 'रिस्पेक्टेड सर' लिहिलेला मेल तिथेच संपतो, त्यामुळे विभागाचं पान उघडून खात्री करावी. पहिल्या परिच्छेदात आपण कोण आणि काय हवं आहे, दुसऱ्यात त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला आणि त्यातलं काय उपयोगी वाटलं. विहीर आणि बोअर तिसऱ्यात. सगळा मेल 200 शब्दांच्या आत, आणि हलकं वाक्य एकच.

हाच मेल तिला जपानमध्येही पाठवायचा होता. तिथे मी नारळाचं वाक्य काढायला लावलं. जपानी प्राध्यापकाला पहिल्यांदा लिहिताना आपली संस्था आणि नाव, अचानक लिहिल्याबद्दल दिलगिरी, मग विनंती असा क्रम असतो, आणि आडनावानंतर 'सेन्सेई' लावतात. त्या चौकटीत हलकं वाक्य सलगी केल्यासारखं दिसतं. विहीर मात्र राहिली, कारण त्यांच्या विषयाशी आपलं नातं कसं जुळलं हे सांगणं तिथेही शोभतं.

उत्तर आलं नाही तर विनोद नडला असं लगेच समजू नये, मेल साचलेले असतात. दोन आठवड्यांनी त्याच मेलच्या खाली दोन साध्या ओळी लिहाव्यात. "माझा मेल पुरात वाहून गेला का" अशी गंमत तिथे करू नये, ती तक्रारीसारखी ऐकू येते. उत्तर आलं आणि त्यात सगळ्या मुद्द्यांना उत्तर असून गमतीचा उल्लेखच नसेल, तर ती पुन्हा काढू नये. "यंदा जागा नाही. शुभेच्छा." एवढंच आलं तर तो राग नव्हे, जर्मन लिहिण्याची ती नेहमीची रीत आहे.

तिला जर्मनीहून तीन ओळींचं उत्तर आलं. रोधकतेचे आकडे आहेत का, असतील तर पाठव, असं त्यात होतं आणि खाली फक्त पहिलं नाव. तिने लगेच मला फोन केला : आता त्यांना नावाने लिहायचं की प्रोफेसरच म्हणायचं? माणसाने स्वतः पहिल्या नावाने सही केली असेल तर इंग्रजी मेलमध्ये ते नाव वापरलेलं चालतं. जीभ वळत नसेल तर आणखी एकदा 'प्रोफेसर' लिहिल्याने कुणी दुखावत नाही. तिने 'प्रोफेसर'च लिहिलं, आकड्यांची फाइल जोडली, आणि त्या मेलमध्ये गंमत घातली नाही. त्यांनी आकडे मागितले होते.