पाऊस अकरा वेळा तुटला होता

मूक अ‍ॅनिमेशनला आवाज लावण्याचं माझं पहिलं काम होतं 1 मिनिट 40 सेकंदांचं. पावसात एसटी स्टँडच्या पत्र्याखाली एक मुलगा बसची वाट बघतोय, एवढंच. तीन रात्री जागून केलं आणि एका सीनियर साउंड एडिटरला दाखवलं. त्यांनी दहा सेकंदांत मॉनिटर बंद केला आणि म्हणाले, "आता नुसतं ऐक. जागा किती वेळा बदलली ते मोज."

अकरा वेळा. आणि मुलगा तर एकाच बाकावर बसलेला!

झालं असं होतं, की चित्राचा शॉट जिथे कट होतो तिथे मी पाऊसही कापला होता. चेहऱ्याचा क्लोजअप आला की पाऊस हळू, लाँग शॉट आला की जोरात. मला वाटलं, कॅमेरा जवळ गेला म्हणजे आवाजही बदलायला हवा. तर नाही. कॅमेरा हलला तरी प्रेक्षक त्याच स्टँडवर उभा असतो. डोळा कट सहज पचवतो, कारण आपण मान वळवतो, पापणी मिटतो. कानाला पापणी नाही. मागचा आवाज अचानक बदलला की त्याला वाटतं दार उघडलं, किंवा आपण दुसरीकडे आलो. उलट मागचा पाऊस अखंड राहिला, तर वेगवेगळे काढलेले बारा शॉट एकाच जागेचे वाटायला लागतात. हे मी इतकं सविस्तर सांगतेय, कारण मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि चूक टाइमलाइनवर दिसतच नाही. उलट क्लिप कटबरोबर रांगेत बसलेल्या बघून छानच वाटतं.

मग सगळं पुसलं आणि आधी फक्त पाऊस पसरला. एक ट्रॅक लांबच्या पावसाचा, नुसती सरसर. दुसरा पत्र्यावरच्या थेंबांचा. पावसाला स्वतःचा आवाज फारसा नसतो, तो ज्यावर पडतो त्याचा असतो. पत्रा, डबकं, चिखल, पानं, सगळे वेगळे. म्हणून "रेन" नावाची एकच फाइल कुठेही चालत नाही. लांबची सरसर शेवटपर्यंत हलवली नाही. कॅमेरा खरोखर शेडबाहेर जातो त्या एका शॉटला फक्त पत्र्याचा ट्रॅक चारेक डेसिबलने खाली घेतला, तोही अर्ध्या सेकंदात हळूहळू, कटच्या थोडा आधीपासून.

इथे दुसरा खड्डा होता. माझी पावसाची मूळ फाइल 18 सेकंदांची होती आणि तिच्यात सातव्या सेकंदाला एक कावळा ओरडायचा. पुढे पुढे चिकटवत गेल्यावर तो सहा वेळा ओरडला, अगदी घड्याळासारखा. फाइल वापरण्यापूर्वी डोळे मिटून पूर्ण ऐका आणि ओळखू येईल असं काही असेल तर कापून टाका. आता मी एक फाइल 47 सेकंदांची आणि दुसरी 31 सेकंदांची घेते. दोन्ही एकत्र फिरल्या तरी त्यांचे जोड पुन्हा एका ठिकाणी यायला चोवीसेक मिनिटं लागतात. जोडावर दोनतीन सेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक फाइल विरत जाताना दुसरी वर येते, पण सरळ रेषेचा नको, इक्वल पॉवरचा, ज्यात एकूण जोर सारखा राहतो. सरळ रेषेत पावसासारखा आवाज मधोमध सुमारे 3 डेसिबल दबतो आणि पाऊस श्वास घेतोय असं वाटतं.

हजारो इफेक्ट्सचे फुकट पॅक डाउनलोड करून ठेवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. शोधण्यात रात्र जाते. मुलाचा पाय डबक्यात पडतो तो आवाज मी बाथरूममध्ये परातीत पाणी आणि ओलं फडकं घेऊन फोनवर रेकॉर्ड केला. पंखा आणि फ्रिज बंद केला नाही, तर प्रत्येक पावलाबरोबर घरघर येते आणि जाते. पहिल्यांदा माझीही आली होती. घाबरू नका, पावसाखाली बरीचशी झाकली जाते. शांत खोलीच्या सीनमध्ये मात्र कुठेच लपत नाही.

पाऊल बसवताना फाइलची सुरुवात नाही, तर आवाजाचं पहिलं टोक पाय टेकतो त्या फ्रेमवर ठेवा. 24 फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम साधारण 42 मिलिसेकंदांची. आवाज एखादी फ्रेम उशिरा आला तर चालून जातो, आधी आला की लगेच खोटा वाटतो.

शेवटी बस येते. तिचं इंजिन मी बस दिसण्याच्या दोन सेकंद आधी सुरू केलं, म्हणजे मुलगा मान वळवतो त्याला कारण मिळालं. बस पुढ्यात थांबल्यावर मात्र काहीतरी उणं वाटत होतं. दोन दिवसांनी लक्षात आलं, बसच्या टपावर पाऊस पडतच नव्हता.